पाकिटावरच्या पाच ओळी

त्या ओळी मी लिहिल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. नंतर जे झालं ते सांगताना मी पुष्कळदा "कंपनीचं चुकलं" असं बोलून जाते, आणि मग माझं मलाच खटकतं.

विरारला राहायला येऊन तेव्हा आम्हाला बारा वर्षं झाली होती. मी मुंबईत एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचे. मुलगी चौथीत गेली तेव्हा नोकरी सोडली आणि घरून छोट्या उद्योगांची कामं घ्यायला लागले. कुणाच्या लोणच्याचं लेबल, कुणाच्या दवाखान्याचं माहितीपत्रक. अशाच एका ओळखीतून वसईजवळच्या निर्मळ गावच्या काकू भेटल्या.

काकूंचं घर बागायतदारांचं. साठी उलटलेली, पण सकाळी सहाला बागेत. त्यांच्याकडे राजेळी केळीची जुनी झाडं होती आणि त्या सुकेळी करायच्या. सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी सोलून कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवायची. मधासारखा रंग येतो, चव खजुराच्या जवळ जाते. काकू ती केळीच्या सुक्या पानात बांधून ओळखीपाळखीत विकत. मुलगा इंजिनियर होता. त्याने नोकरी सोडली आणि म्हणाला, आई, हे पाकिटात घालून दुकानांत ठेवू. पाकिटावर काय लिहायचं ते विचारायला दोघं माझ्याकडे आली.

मी दोन दिवस त्यांच्या अंगणात जाऊन बसले. काकू केळी उलटत होत्या, संध्याकाळी त्यांवर कापड घालत होत्या, मी वहीत टिपत होते. शेवटी पाच ओळी उरल्या. उन्हात वाळवलेली. साखर नाही, रंग नाही, रसायन नाही. फक्त वसईची राजेळी. सहा महिने ताजी. आणि सगळ्यात खाली, जरा वळणदार अक्षरात, आईच्या हातची.

शेवटच्या ओळीचा मला फार अभिमान होता. काकूंना ती वाचून दाखवली तेव्हा त्या लाजल्या होत्या.

पाकीट चाललं. मग पार्ले, दादर, ठाणे. अंगण अपुरं पडायला लागलं तेव्हा मुलाने सातिवलीला एक गाळा घेतला, तिथे वाळवणीचं यंत्र बसवलं. लांब कपाटासारखं, आत जाळीचे ट्रे, गरम हवा फिरते. त्याची पूजा झाली तेव्हा मी प्रसादाला गेले होते. केळी पहिले तीन-चार दिवस उन्हात आणि मग यंत्रात, असं ठरलं होतं. पाकीट मात्र तेच राहिलं. माझ्या मनात त्या दिवशी "उन्हात वाळवलेली" ही ओळ एकदा येऊन गेली. छापलेली पाकिटं गाळ्याच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली होती. मी पेढा खाल्ला आणि घरी आले.

त्याला दोन वर्षं झाली असतील. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मी नाताळच्या जाहिराती तयार करून ठेवल्या होत्या, कारण आमच्याकडे नाताळात भेट म्हणून सुकेळी बरीच जाते. सोमवारी सकाळी काकूंच्या मुलाचा फोन आला. तो मला मॅडम म्हणतो.

"मॅडम, पार्ल्याच्या दुकानातून फोटो आलेत. पाकिटं फुगलीत."

"किती?"

"त्यांच्याकडची सात. आणि एका बाईंनी व्हिडिओ टाकलाय. तुम्ही बघा आणि मग या."

मी बघितला. एका स्वयंपाकघरातला ओटा, त्यावर आमचं पाकीट. कात्री लावताच फुस्स करून हवा निघाली. बाईंनी एक सुकेळी मधोमध मोडून कॅमेऱ्यासमोर धरली. आत करडी बुरशी होती. मग त्यांनी पाकीट फिरवलं आणि माझ्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. नुसत्या वाचल्या. "आईच्या हातची" वाचल्यावर क्षणभर थांबल्या आणि व्हिडिओ संपला.

माझ्या मजकुराचं इतकं जिव्हारी लागणारं वाचन त्याआधी कुणी केलं नव्हतं.

सातिवलीला पोचले तेव्हा आमची क्वालिटीवाली टेबलापाशी उभी होती. तिशीतली, वसईचीच, अन्नतंत्र शिकलेली. दर खेपेची थोडी पाकिटं ती कपाटात राखून ठेवते, पुढे काही झालं तर तपासता यावं म्हणून. तक्रारीच्या पाकिटांवरचा खेप क्रमांक बघून तिने त्याच खेपेची पाच पाकिटं काढली होती. दोन फुगलेली होती, तीन दिसायला चांगली. चांगल्या दिसणाऱ्यांतली एक सुकेळी तिने सुरीने उभी चिरली.

"हात लावून बघा, ताई."

वरचा भाग चिवट, कोरडा. आत बोट लावलं तर चिकट, ओलं.

"यंत्राचं तापमान जास्त ठेवलं की असं होतं," ती म्हणाली. "वरचा थर पटकन वाळतो, घट्ट होतो, आणि आतलं पाणी आतच अडकतं. बाहेरून बघितलं तर वाटतं, झालं. पाकिटात गेल्यावर ते पाणी हळूहळू सगळीकडे पसरतं. मग बुरशी, मग आंबणं."

"पण तू तपासतेस ना?"

"तपासते. पण यंत्रातून काढल्यावर दोन दिवस बंद पिंपात मुरत ठेवायची असतात, म्हणजे आतबाहेरचं पाणी सारखं होतं. त्यानंतर मोजायचं. या खेपेला..." तिने मुलाकडे बघितलं.

मुलगा म्हणाला, "ते नंतर बोलू. आधी लोकांना काय सांगायचं ते ठरवा."

त्याने फोनवर एक मसुदा लिहून ठेवला होता. त्यात होतं की काही दुकानांत माल दमट जागी ठेवला गेल्याने एखाद्या पाकिटात दोष आढळला असण्याची शक्यता आहे. वाचून मी फोन त्याला परत दिला. माझ्याही पिशवीत एक मसुदा होता. रिक्षात बसून लिहिलेला. तो त्याच्याहून गोड होता, एवढाच फरक. आम्ही नैसर्गिकतेशी बांधील आहोत, उन्हात वाळवलेली शुद्ध राजेळी हेच आमचं वचन, वगैरे. नोकरीत असताना मी हेच शिकले होते. नाव अडचणीत आलं की त्या नावाची मूळ वचनं ठामपणे पुन्हा उच्चारायची.

मी तो वाचून दाखवला. मुलाला आवडला. क्वालिटीवालीने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? ज्यांच्या पाकिटात बुरशी निघाली त्यांना तुम्ही परत सांगणार, शुद्ध आहे म्हणून?"

मी कागदाची घडी घातली. ती पुढे म्हणाली,

"आणि ही खेप एकच दिवस उन्हात होती. ऑक्टोबरात सारखं आभाळ येत होतं, आठवतंय ना? एक दिवस ऊन, मग थेट यंत्रात. पिंपातले दोन दिवससुद्धा दिले नाहीत. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या."

मुलाने खुर्ची ओढली आणि बसला. "मीच सांगितलं होतं, पॅक करा म्हणून," तो म्हणाला. "ती रजेवर होती. मी अंगठ्याने दाबून बघितली. मला वाटलं, झाली."

तो मसुदा त्याने आमच्यासमोरच फोनमधून काढून टाकला. मीही माझा कागद पिशवीत परत ठेवला.

त्या दिवशी आम्ही एकही वचन उच्चारलं नाही. नाताळच्या ठरवून ठेवलेल्या सगळ्या जाहिराती मी थांबवल्या, कारण बुरशीच्या व्हिडिओखाली दोन तासांनी आमचा हसरा सांताक्लॉज आला असता. मग साध्या शब्दांत लिहिलं. अमुक क्रमांकाची खेप खाऊ नका. ती आतून ओली राहिली आहे, चूक आमच्या कारखान्यात झाली आहे, दुकानदाराची नाही. क्रमांक पाकिटाच्या मागे खालच्या कडेला आहे. पाकीट दुकानात परत करा किंवा फोटो पाठवा, पैसे मिळतील. त्याच्या मागच्या-पुढच्या खेपाही तपासणीसाठी थांबवल्या आहेत. खाली काकूंच्या मुलाचं नाव आणि तो स्वतः उचलेल असा फोन नंबर. क्वालिटीवालीने अन्न खात्याला कळवायचं पत्र लिहिलं, मुलाने दुकानांना फोन लावले. "फक्त वसईची राजेळी" हे तरी वर टाकू या, ते तर खरं आहे, असं तो दोनदा म्हणाला. खरं होतंच. पण केळी कुठली हे त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं ठासून सांगितलं की विषय बदलल्यासारखं वाटतं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

व्हिडिओ टाकणाऱ्या बाई वसईतच राहत होत्या. शाळेत शिक्षिका. मी फोन केला, तर म्हणाल्या, या ना. मुलाला घेऊन जावं असं वाटलं, पण तो दुकानदारांत अडकला होता. मी एकटीच गेले.

तिसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर. त्यांच्या मुलाने त्याच खेपेच्या आधीच्या एका पाकिटातली दोन सुकेळी शाळेच्या डब्यात खाल्ली होती, संध्याकाळी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी ठीक होता. डॉक्टरांचा कागद त्यांनी दाखवला, मी नको म्हणत असताना. चहा दिला. मी माफी मागितली आणि काय झालं ते सगळं सांगितलं, यंत्रासकट.

"यंत्राचं मला काही वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "आता सगळंच यंत्रात होतं. तुम्ही लिहिलंत उन्हात, म्हणून मी उन्हात समजत होते. एवढंच." मग त्यांनी आतल्या खोलीकडे बघत आवाज जरा खाली आणला. "माझे सासरे आहेत. त्यांना मधुमेह आहे. गोडाचं फार वेड. तुमच्या पाकिटावर साखर नाही लिहिलंय म्हणून तीन वर्षं रोज जेवणानंतर दोन देते. ते तरी खरं आहे ना?"

मी कप खाली ठेवला.

ती ओळ खोटी नव्हती. आम्ही साखरेचा दाणा घालत नव्हतो. पण पिकलं केळं वाळवलं की उरते ती बहुतेक साखरच. माझ्या डोक्यात "नाही" म्हणजे "घातलेली नाही" होतं. तीन तुकड्यांची लय बरी लागत होती म्हणून मी ते तसं ठेवलं होतं. साखर नाही, रंग नाही, रसायन नाही. ही बाई तीन वर्षं त्या लयीवर सासऱ्यांना सुकेळी देत होती.

"नका देऊ," मी म्हणाले. "म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका देऊ. आम्ही वरून घालत नाही, पण केळ्याची स्वतःची साखर असते. भरपूर असते."

बुरशीपेक्षा त्यांना याचा राग आला होता, हे दिसत होतं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "हे कुणी विचारलं नसतं तर तुम्ही सांगितलं नसतं."

"मला सुचलंच नव्हतं," मी म्हणाले. ते खरं होतं, पण त्याने काही बरं झालं नाही.

जिना उतरताना मला पहिल्यांदा भीती वाटली. एक ओळ अर्धीच खरी असल्याचं मी दोन वर्षं जाणून होते. दुसरीने आज असं केलं. उरलेल्या तिन्हींचं काय?

रविवारी निर्मळला काकूंच्या ओटीवर आम्ही चौघं बसलो. काकू, मुलगा, क्वालिटीवाली आणि मी. परत आलेल्या पाकिटांची खोकी अंगणात होती. काकूंनी एक रिकामं पाकीट मांडीवर घेऊन चष्मा लावला. त्या घरात आपल्या बोलीत बोलतात, माझ्याशी बोलताना जरा जपून बोलतात. त्या दिवशी दोन्ही मिसळत होतं.

"वाच, बाय. एकेक वाच," त्या मला म्हणाल्या.

मी वाचायला सुरुवात केली.

"उन्हात वाळवलेली" यावरच मुलगा उसळला. "मॅडम, ही काढली तर आपल्यात आणि दुसऱ्यात फरक काय? लोक या शब्दाचे पैसे देतात. आपण पुढच्या खेपेपासून चार दिवस उन्हात देऊच ना. मग ओळ ठेवायला काय हरकत आहे?"

"चार दिवस उन्हात, चार दिवस यंत्रात," क्वालिटीवाली म्हणाली. "आणि आभाळ आलं तर?"

"आलं तर बघू."

"आलं तेव्हा आपण काय केलं ते बघितलंच की," ती म्हणाली. तिला एवढं स्पष्ट बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. जे वचन आत्ताच मोडलंय ते आत्ताच पुन्हा द्यायचं नाही. ते पाळायला लागायचं, आणि पाळून काही महिने झाले की मग जेवढं पाळतो तेवढंच लिहायचं. आभाळावर अवलंबून असलेलं आपण छापून देऊ शकत नाही. "उन्हात सुरुवात, यंत्रात शेवट" हे लिहू शकतो, पण त्यालाही पुरावा हवा. प्रत्येक खेपेला किती दिवस ऊन मिळालं ते पाकिटावर छापायचं.

"कोण वाचणार ते?" मुलगा म्हणाला.

"ती शिक्षिका वाचेल," मी म्हणाले.

सहा महिन्यांच्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. दुकानदारांना सहा महिने हवे असतात, तीन महिन्यांचा माल ते नाखुशीने ठेवतात. मुलाने एक मार्ग काढला होता. जर्दाळूला, मनुकांना देतात तशी गंधकाची धुरी. कायद्यात बसते, प्रमाण ठरलेलं आहे, पाकिटावर लिहावं लागतं, बस. सहा महिने कुठे जात नाहीत आणि रंगही छान राहतो.

"मग रसायन नाही ही ओळ जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे ना. तुम्हीच म्हणताय, एकेक ओळ तपासा म्हणून."

आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन वचनं एकमेकांच्या आड येत होती, आणि इतकी वर्षं आम्ही दोन्ही शेजारीशेजारी छापत होतो. दोन्ही ठेवायची तर प्रत्येक खेप अगदी नीट वाळायला हवी, आणि तशी हमी देण्याइतकी शिस्त आमच्यात नव्हती. एक सोडावंच लागणार होतं. कुठलं, हे मला ठरवता येत नव्हतं. मी काकूंकडे बघितलं.

काकू पाकीट उलटसुलट करत होत्या. "माझ्या माहेरी सुकेळी पावसाळाभर टिकायची," त्या म्हणाल्या. "बरणीत. पण ती वैशाखातली असायची. दगड झालेली. आता लोकांना मऊ लागते. मऊ पाहिजे, सहा महिने पाहिजे आणि औषध नको. हे जमायचं कसं?" मग मुलाला म्हणाल्या, "अरे, धुरी दिलेली मी घरात नातवाला देईन का? नाही देणार. मग दुसऱ्याच्या पोराला कशी देऊ? दुकानदार कमी झाले तर झाले."

मुलगा उठून अंगणात गेला. खोक्यांपाशी उभा राहिला. मग तिथूनच म्हणाला, "तीन महिने तरी नक्की टिकतील का ते आधी बघू दे. उगाच तीनसुद्धा छापायचे नाहीत."

म्हणजे तो मानला होता. क्वालिटीवालीने लगेच वही काढली. नीट मुरवलेल्या नव्या खेपेची पाकिटं साध्या कपाटात आणि दमट उबदार कपाटात ठेवायची, ठरावीक दिवसांनी फोडायची, बाहेरच्या प्रयोगशाळेत आतल्या गराचा ओलावा मोजून घ्यायचा. तोवर पाकिटावर दीडच महिना.

साखरेची ओळ मी स्वतः खोडली आणि "वरून साखर घातलेली नाही, केळ्याची स्वतःची साखर असते" असं लिहिलं. लय गेली. राजेळीच्या ओळीवर बागायतदारांच्या चिठ्ठ्या बघितल्या. निर्मळ, नंदाखाल, आगाशी. सगळी राजेळी. ती ओळ जशी होती तशी राहिली, फक्त मधून खाली आली.

मग शेवटची उरली. मी ती वाचली नाही. काकूंनीच वाचली.

"आईच्या हातची," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. "दोन वर्षं झाली, माझा हात लागला नाही. मी सातिवलीला जाते, खुर्चीवर बसते, चहा घेते आणि येते."

"आई, ते चवीबद्दल आहे," मुलगा म्हणाला. "कुणी शब्दशः घेत नाही."

"त्या बाईने घेतलं ना. ती थांबली तिथे." काकूंनी व्हिडिओ बघितला होता हे मला माहीतच नव्हतं. "ती बुरशी माझ्या हातची झाली. काढून टाक, बाय."

मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी आणि, खरं सांगायचं तर, माझ्या ओळीसाठीही. मी एकदा म्हणून बघितलं की तुम्ही परत हात लावा ना, आठवड्यातून एक दिवस, मग ती खरी होईल. काकू हसल्या. "ओळीसाठी नको. वाटलं तर जाईन."

दुसरं निवेदन आम्ही प्रयोगशाळेचा कागद आल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी काढलं. काय चुकलं, कुणी घाई केली, आता काय बदललं. "कुणी" हे मुलानेच घालायला लावलं. लिहिलं की घाई मालकाने केली. त्याखाली दोन गोष्टी पुन्हा सांगितल्या, रसायन नाही आणि राजेळी वसईची. उन्हाबद्दल, टिकण्याबद्दल लिहिलं की आत्ता काही सांगत नाही, तपासणी चालू आहे. आणि साखरेबद्दल वेगळा परिच्छेद, मधुमेह असलेल्यांसाठी. तो कुणी मागितला नव्हता. तो टाकल्यावर आणखी तिघांचे संतापलेले निरोप आले, त्यांच्याही घरी तसंच चाललं होतं. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर दिलं. एकाने परत लिहिलं नाही. एक बाई अजून अधूनमधून लिहितात.

जुनी छापील पाकिटं भंगारात दिली. ठाण्याच्या दोन दुकानांनी आमचा माल बंद केला तो कायमचा. पार्ल्याच्या दुकानदाराने ठेवला, कारण, तो म्हणाला, पहिल्याच दिवशी तुम्ही दुकानदाराची चूक नाही असं लिहिलंत. मला त्या वाक्याचं महत्त्व लिहिताना कळलं नव्हतं. मुलाचा मूळ मसुदा गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर बरेचदा केला.

शिक्षिकाबाईंनी व्हिडिओ काढून टाकला नाही. आम्ही तशी विनंतीही केली नाही. त्याच्याखाली आमचं निवेदन त्यांनी जोडलं, स्वतःचा एकही शब्द न लिहिता.

नवं पाकीट मार्चमध्ये आलं. दिसायला जरा बोडकं आहे, असं माझ्या मुलीचंही मत पडलं. मागे एक चौकोन आहे, त्यात खेपेगणिक आकडे बदलतात. उन्हात इतके दिवस, यंत्रात इतके, पिंपात दोन. विक्री पूर्वीएवढी नाही. मी आणि मुलगा पूर्वीसारखे मोकळे बोलत नाही, निदान काही महिने बोलत नव्हतो. त्याच्या सगळ्यात खपणाऱ्या ओळी मीच मारल्या असं त्याला वाटत असावं, आणि मला वाटत होतं की त्या मी लिहायलाच नको होत्या. आम्ही दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही.

मग एप्रिलमधल्या एका सकाळी त्याचा फोन आला. लग्नसराई होती, दुकानांची मागणी आली होती.

"मॅडम, आजची खेप मी थांबवलीय. पिंपातून काढून मधोमध चिरली, तर तीन-चार ओली निघाली. सगळी परत वाळवायला टाकलीत. आठवडाभर माल नाही."

"क्वालिटीवाली काय म्हणते?"

"ती आज आली नाहीये, भावाचा साखरपुडा आहे. मीच चिरून बघितली. दुकानदारांना काय लिहू? स्टॉक संपला लिहू का?"

मी विचार करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "नको. ओली निघाली म्हणून थांबवली, असंच लिहितो. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघून द्या."

त्याने पाठवलेल्या चार ओळी मी वाचल्या. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली आणि परत पाठवल्या.